‘सकाळी कळवते’ म्हणाली, आणि कळवलंच नाही

ताई,

मी 29 वर्षांचा, मूळचा नांदेडचा. चार वर्षांपासून पुण्यात, खराडीला नोकरी करतो, तिघा मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. दोन आठवड्यांपूर्वी डेटिंग ॲपवर एका मुलीशी मॅच झालं. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलणं, मग एका शनिवारी रात्री साडेनऊला सुरू झालेल्या गप्पा दीडपर्यंत चालल्या. मिसळीपासून माझ्या वडिलांच्या आजारपणापर्यंत सगळं बोललो. इतका मोकळा मी कुणापाशीच झालो नव्हतो. पुढच्या रविवारी भेटू, हे तिनंच सुचवलं. ‘ठिकाण सकाळी कळवते, शुभ रात्री’ हा तिचा शेवटचा मेसेज.

त्यानंतर शांतता. मी दुसऱ्या दिवशी ‘गुड मॉर्निंग’, मंगळवारी ‘रविवारचं नक्की ना?’ आणि शुक्रवारी ‘माझं काही चुकलं का?’ असे मेसेज केले. तो रविवारही येऊन गेला. चॅट अजून दिसतंय, त्याचे स्क्रीनशॉट फ्लॅटवरच्या तिघांनाही दाखवले. इन्स्टाग्रामवर मी तिला शोधून काढलं, तिथे ती स्टोरी टाकते आहे. दर रविवारी सकाळी तळजाईला फिरायला जाते असं ती बोलली होती. सहज आल्यासारखं जाऊ का? की हा मेसेज पाठवू: ‘हाय, तू बिझी असशील, समजू शकतो. पण एवढं छान बोलणं झाल्यावर असं गायब होणं बरोबर नाही वाटत. निदान कारण तरी सांग, म्हणजे मला मूव्ह ऑन करता येईल.’

दहा दिवस झाले. कामात लक्ष नाही, रात्री उठून फोन बघतो. चार तासांच्या गप्पांसाठी एवढं लागणं म्हणजे माझ्यातच काही बिघाड आहे का?

— म., खराडी

---

म.,

तळजाईला जाऊ नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे उत्तर तू वाचेपर्यंत दुसरा रविवार उजाडायचा, म्हणून हे आधी.

खराडीहून तळजाई म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. सकाळी साडेसहाला तिथे कुणी ‘सहज’ पोचत नाही, आणि हे तिलाही कळतं. ती बहुधा एकटी चालत असेल. तू समोर येऊन ‘अरे, तू इथे!’ म्हणालास, तर तिच्या मनात पहिल्यांदा येईल ते हेच, की याला माझी फिरायची जागा माहीत आहे, वारही माहीत आहे, मग अजून काय काय माहीत असेल? तुझ्या मनात कितीही चांगलं असो, ते तिला दिसायची काही सोय नाही. तिला दिसेल तो ओळख नसलेला एक पुरुष, जो तिनं उत्तर दिलं नाही म्हणून तिच्या वाटेवर येऊन उभा राहिला. दुसऱ्या रविवारपासून तिचं तळजाई बंद होईल. भारतीय न्याय संहितेचं 78 वं कलम पाठलागाबद्दल आहे. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं त्यात येतं, आणि तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणंही येतं. तू गुन्हेगार आहेस असं मी म्हणत नाही. पण इन्स्टाग्रामवर तिला ‘शोधून काढलं’ हे तू ज्या सहजपणे लिहिलंयस, त्यावरून जरा सांभाळ एवढं नक्की म्हणेन. ते अकाउंट तिनं तुला दिलेलं नव्हतं. आजपासून ते उघडायचं नाही, स्टोरी बघायची नाही. स्टोरी कुणी बघितली याची यादी तिला दिसते, हे तुला मी सांगायला नको.

आता चॅटचं. चॅट अजून दिसतंय याला तू केवढा अर्थ चिकटवला आहेस, ते पत्रातून कळतं. बहुतेक ॲपवर समोरच्यानं अनमॅच केलं की अख्खं संभाषणच दोघांकडून नाहीसं होतं. तेव्हा चॅट दिसतंय याचा अर्थ एवढाच, की तिनं ते बटण दाबलेलं नाही. कदाचित तिनं फोनवरून ॲपच काढून टाकलं असेल. ॲप काढलं तरी अकाउंट बंद होत नाही, प्रोफाइल आणि चॅट तसंच राहतं. म्हणजे तुझे तीनही मेसेज कुणी न उघडलेल्या पेटीत पडलेले असू शकतात, किंवा वाचून बाजूला ठेवलेले असू शकतात. पडद्याकडे बघून यातलं कुठलं खरं ते ठरवता येत नाही. ते तीन मित्र स्क्रीनशॉट बघून ठरवत असतील, पण त्यांना तरी कुठून कळणार.

मला यानिमित्तानं माझंच एक जुनं प्रकरण आठवलं. सन 1993 असेल. मला बघायला एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, मुलाशी गच्चीवर अर्धा तास बोलणं झालं, आणि ते इतकं छान झालं की खाली येताना मी मनातल्या मनात त्याच्या आईला काय म्हणून हाक मारायची ते ठरवूनही टाकलं होतं. निघताना त्याचे वडील म्हणाले, ‘दोन दिवसांत कळवतो.’ पुढचे तीन आठवडे आमच्या घरात फोन वाजला की आई पदराला हात पुसत धावायची. शेवटी मध्यस्थ काका आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘पत्रिका जमत नाही म्हणतात.’ आता गंमत अशी, की पत्रिका आधीच बघितली होती आणि 36 पैकी 26 गुण जुळले म्हणूनच पोहे झाले होते. ते खोटं होतं हे आईला, मला आणि खुद्द काकांनाही ठाऊक होतं. पण त्या खोट्यानं काम केलं. आई त्या दिवशी फोनजवळून उठली.

आपल्या जुन्या पद्धतीत पुष्कळ वाईट होतं, त्याचं मला मुळीच कौतुक नाही. पण नकार पोचवायला एक माणूस होता, आणि कुणाच्या अंगाला न लागणारं एक ठरलेलं वाक्य होतं. ॲपवर यातलं काहीच नाही. ‘नको’ म्हणायचं तर तिनं स्वतः, अनोळखी पुरुषाला, थेट म्हणायचं. त्यावर तो काय बोलेल याचा भरवसा नाही, आणि शिव्या खाल्लेल्या मुली मला दर महिन्याला पत्रं लिहितात. म्हणून बऱ्याचजणी आणि बरेचजण गप्प बसतात. त्यांची बाजू घेत नाही मी. भेटायचं स्वतः सुचवून मग नाहीसं होणं हे वाईटच वागणं. फक्त एवढंच म्हणते, की ‘पत्रिका जमत नाही’ची जागा हल्ली शांततेनं घेतली आहे. दहा दिवसांनंतर ती शांतता तू तशीच वाचावीस.

एक दुसरी बाजूही सांगते, कारण तुझ्या मेसेजशी तिचा संबंध आहे. माझ्या भाचीनं अगदी असंच एका मुलाला टांगून ठेवलं होतं. शुक्रवारी मस्त गप्पा, शनिवारी तिच्या बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं, दवाखान्यात दोन दिवस गेले. मी विचारलं, ‘मग तिसऱ्या दिवशी का नाही लिहिलंस?’ तर म्हणाली, ‘मावशी, तिसऱ्या दिवशी एका ओळीत भागलं असतं. चौथ्या दिवशी वाटलं, आता कारण नीट लिहायला हवं, रात्री लिहू. आठव्या दिवशी त्याचा मेसेज आला की हे असं वागणं शोभतं का तुला, तेव्हा मी ॲपच काढून टाकलं.’ तिला तो मुलगा आवडला होता. पण उत्तराला उशीर होत गेला तशी लाज वाढत गेली, आणि त्याच्या मेसेजनं त्या लाजेवर शिक्काच मारला. तुझ्या बाबतीत असंच झालं असेल, असं समजून चालू नकोस. ती स्टोरी टाकते आहे, म्हणजे फोन तिच्या हातात आहे. पण पाठवायचा मेसेज असा हवा, की दोन्ही शक्यतांत तो चालला पाहिजे.

या कसोटीवर तुझा मसुदा बघू.

‘तू बिझी असशील, समजू शकतो.’ हे तुला स्वतःलाच पटत नाही, म्हणून पुढचं वाक्य ‘पण’नं सुरू झालं. ‘पण’च्या आधीचं कुणी वाचत नाही. ‘असं गायब होणं बरोबर नाही वाटत.’ खरं आहे, पण हे तू कुणाला सांगतोस? जिला वाईट वाटत नाही तिच्यावर याचा परिणाम होणार नाही, आणि जिला वाटतं ती माझ्या भाचीसारखी पळून जाईल. ‘निदान कारण तरी सांग.’ समज, तिनं सांगितलं. ‘दुसऱ्या कुणाशी जमलं,’ किंवा ‘सकाळी उठल्यावर तेवढं खास वाटलं नाही.’ ते वाचून तू झोपशील? तू तिला विचारशील, म्हणजे नेमकं काय खास वाटलं नाही. कारणाला कारण जोडत माणूस फार लांब जातो. आणि शेवटचं ‘म्हणजे मला मूव्ह ऑन करता येईल’, त्यात तुझ्या पुढच्या दिवसांची किल्ली तू एका अनोळखी मुलीच्या हातात देतो आहेस, जिनं साधं कॅफेचं नावही कळवलेलं नाही. एवढी जबाबदारी तिनं का घ्यावी?

एरवी माझा नियम सरळ असतो. उत्तर आलं नाही तर तीनचार दिवसांनी एक साधा मेसेज, आणि मग थांबायचं. तुझे तीन होऊन गेलेत. त्यातला पहिला चांगला, दुसराही योग्य, कारण भेट ठरली होती आणि रविवारचा बेत विचारणं तुझा हक्कच होता. बोचतो तो तिसरा. ‘माझं काही चुकलं का?’ या प्रश्नाला तिनं हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तरी ‘मग काय झालं?’ येणारच. म्हणून तुझ्या बाबतीत मी चौथ्या मेसेजला परवानगी देते, पण त्याचं काम एकच, तिसरा मागे घ्यायचा. असं काहीतरी:

‘त्या शनिवारच्या गप्पा मला आवडल्या. भेटायचा विचार बदलला असेल तर हरकत नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरज नाही. काळजी घे.’

एवढंच. यात प्रश्नचिन्ह नाही, ते मुद्दाम. ‘तरीही कधी बोलावंसं वाटलं तर मी आहेच’ हे तू शेवटी जोडणार, मला माहीत आहे. ते नको. तिला बोलावंसं वाटलं तर तुझी परवानगी लागणार नाही, आणि ते वाक्य लिहिलंस की तू खरोखरच तिथे बसून राहशील. मेसेज ॲपवरच जाऊ दे, इन्स्टाग्रामवर नाही. दुपारी पाठव, जेवणाच्या सुट्टीत. रात्री अकरानंतर लिहिलेला मेसेज सकाळी आपल्यालाच वाचवत नाही. एक अट आहे. पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर तुला आजच्यापेक्षा वाईट वाटणार असेल, तर तो पाठवूच नकोस, तोही तितकाच चांगला मार्ग आहे. पाठवायचा तो तुझं नाव तुझ्या स्वतःच्या नजरेत नीट राहावं म्हणून. उत्तराच्या आशेनं पाठवलास तर तो तुझ्या मसुद्याचाच धाकटा भाऊ ठरेल.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस.

बिघाड नाही. मानसशास्त्रज्ञांचा एक खेळ आहे. संगणकाच्या पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात, त्यातला एक तू. सुरुवातीला एकदोनदा चेंडू तुझ्याकडे येतो, मग बाकीचे दोघं आपसातच टाकत राहतात. चारपाच मिनिटांचा खेळ, पण लोकांचा मूड उतरतो, आपण कुणाचेच नाही असं वाटायला लागतं. 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काही लोकांना आधीच सांगून टाकलं, की समोर माणसं नाहीतच, संगणकच चेंडू टाकतोय. तरीही त्यांना जवळजवळ तेवढंच वाईट वाटलं. वगळलं जाण्याची घंटा आपल्यात इतक्या आत बसवलेली आहे, की वगळणारा कोण, तो आपल्या लायकीचा आहे का, हे बघायच्या आधीच ती वाजते. म्हणून तुला लागलं, यावरून ती मुलगी तुझ्यासाठी किती योग्य होती हे सिद्ध होत नाही, आणि तुझ्यात काय कमी आहे हेही सिद्ध होत नाही. दहा दिवस तू या वेदनेचा पुरावा म्हणून वापर करतो आहेस. ‘एवढं दुखतंय म्हणजे ती तीच होती.’ चेंडू न टाकणारा संगणकही ‘तोच’ होता का?

दुसरी गोष्ट त्या चार तासांबद्दल. त्या गप्पा खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही, लोक तसं सांगून तुझं सांत्वन करू बघतील. तुम्ही दोघं खरंच छान बोललात. पण टाइप करून बोलण्याची एक तऱ्हा असते. जोसेफ वॉल्थर नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1996 मध्येच, म्हणजे ही ॲपं जन्मायच्या कितीतरी आधी, ती नीट मांडली. लिहिताना माणसाला थांबून, खोडून, चांगलं तेवढंच पाठवता येतं. वाचणाऱ्याला आवाज नाही, चेहरा नाही, वेटरशी वागणं दिसत नाही. मग जे दिसत नाही ते तो आपल्या मनासारखं भरतो. आणि त्याच्या उत्तरातला जिव्हाळा बघून समोरचाही आणखी खुलतो. समोरासमोर बसून महिनाभरात येणार नाही एवढी जवळीक अशी एका रात्रीत येते. ती जवळीक असते, फक्त ओळख नसते.

करून बघायला एक छोटं काम देते. कागद घे, मधे रेघ मार. डावीकडे तिनं शब्दांत सांगितलेलं लिही, उजवीकडे तू धरून चाललेलं. तुझ्या पत्रातून मला डावीकडे सापडतं ते असं: तळजाईला जाते, मिसळीवर बोलते, तुझ्या वडिलांबद्दल ऐकून घेतलं, भेटू म्हणाली. तुझ्याकडे यात आणखी दहा ओळी असतील, मिसळ बेडेकरांची की काटाकिर्रची यावर ती कुठल्या बाजूची हेही असेल. उजवीकडे मात्र भराभर भरेल. समजूतदार आहे, शब्दाची पक्की आहे, माझ्या घरच्यांशी जमेल. शब्दाची पक्की आहे की नाही, ते तर तिनं दाखवलंच. आणि एक तपासून बघ, तिचा आवाज तू कधी ऐकलायस का? पत्रात फोनचा उल्लेख कुठेच नाही.

या कागदानं दुःख जाणार नाही. पण तू कुणाला गमावलंस याची यादी निम्म्यानं कमी होते, आणि उजव्या बाजूचं सगळं तुझ्याच डोक्यातलं असल्यामुळे ते तुझ्याकडेच राहतं. त्यात एक खरी गोष्टही सापडेल. वडिलांच्या आजारपणाबद्दल तू पहिल्यांदाच कुणाशी बोललास. मला तर शंका येते, की तुझं अर्धं दुःख तिच्या जाण्याचं नाही, तर तो विषय उघडून मग ऐकणारंच कुणी उरलं नाही याचं आहे. तो विषय बोलायला ती मुलगी लागत नाही. घरी बहीण असेल, जुना मित्र असेल, त्याला फोन कर. फ्लॅटवरच्या तिघांना तिचे स्क्रीनशॉट दाखवणं मात्र बंद. तिनं ते तिघांसाठी लिहिलं नव्हतं, आणि दरवेळी ‘अरे, ती खेळवतेय तुला’ किंवा ‘येईल रे’ ऐकून तुझी जखम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

रात्री उठून फोन बघणं हे इच्छाशक्तीवर सोडू नकोस, हरशील. बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की प्राणी बटण दाबतच राहतो. कबुतरांवर हे प्रयोग 70 वर्षांपूर्वीच होऊन गेले, आपण काही कबुतरांहून फार शहाणे नाही. त्यापेक्षा बटणच लांब ठेव. ॲपच्या सूचना बंद, पहिल्या पानावरून त्याचं चिन्ह बाजूला, आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी बाजारातून साधं घड्याळ आण. दिवसातून एकदाच, समज रात्री आठला, ॲप उघडायचं, बघायचं, बंद. पहिले तीनचार दिवस हात शिवशिवेल आणि उलट जास्त आठवण येईल. ते तसं होणारच, म्हणून पद्धत चुकली असं समजू नकोस. साधारण आठवड्यानं आठची वेळ विसरायला लागलास की कळेल.

राग आहे तुला, तो मसुद्यात दिसतो, आणि तो कुठेतरी उतरायला हवा. तिला पाठवायचं नाही असं एक पत्र लिही. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये हे करून बघितलं होतं, रोज 15 मिनिटं, लागोपाठ चार दिवस, शुद्धलेखनाची फिकीर न करता. लिहून झाल्या झाल्या बहुतेकांना आधीपेक्षा वाईटच वाटतं, फायदा झालाच तर नंतर आणि बेताचाच. म्हणून झोपायच्या आधी लिहू नकोस. आणि चारही दिवस तेच ते गाऱ्हाणं आलं तर थांब. पहिल्या दिवशी ‘तिनं असं का केलं’ असेल, आणि चौथ्या दिवसापर्यंत ‘मला असं का झालं’कडे वळलं, तर ते लिहिणं कामाला आलं. वहीवर लिही, फोनवर नको, नाहीतर रात्री एकला कॉपी-पेस्ट होईल.

एक लक्ष असू दे. अजून दोन आठवड्यांनीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असले विचार डोकावले, तर ही गोष्ट आता त्या मुलीची उरली नाही असं समज आणि डॉक्टरांशी बोल. सरकारचा टेलीमानस हा मदत क्रमांक 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि समज ती परत आली तर? तीन आठवड्यांनी रात्री सव्वादहाला ‘हाय, सॉरी, खूप गडबड होती’ असं येतं कधीकधी. तेव्हा चार तासांच्या गप्पा पुन्हा सुरू करायच्या नाहीत. त्याच रात्री उत्तर न देता दुसऱ्या दिवशी दे, पण डावपेच म्हणून नको, फक्त तोपर्यंत छातीतली धडधड उतरलेली असेल म्हणून. हिशेब मागू नकोस, गोडही होऊ नकोस. ‘ठीक आहे. भेटायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी सहाला चहाला भेटू, जमेल का ते सांग.’ एखादं अमृततुल्य पुरे, अर्ध्या तासात उठता येतं. वेळ आणि जागा ठरली तर जा. ‘बघू, कळवते’ आलं, तर कळलं. परत आल्यावर शेअर बाजारात पैसे गुंतवायची गोष्ट काढली, तर ती मुलगी नसून टोळी आहे. एक रुपया पाठवू नकोस, गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन कर.

पुढच्या वेळी एवढंच बदल, की पहिला फोन होईपर्यंत रात्री दीडपर्यंत टाइप करत बसायचं नाही. दोनतीन दिवस बोलणं बरं चाललं, की दहा मिनिटं फोन कर. आवाज ऐकला की उजवीकडची निम्मी यादी तिथल्या तिथे खोडली जाते, कधी वाईट वाटतं, कधी बरं. मग आठवड्याच्या आत दिवसाउजेडी भेट. भेटीची जागा ‘सकाळी कळवते’वर सोडू नकोस, बोलता बोलताच ठरवून टाक. हे सगळं करूनही कुणीतरी गायब होईलच. पण तेव्हा तुझे चार दिवस जातील, चौदा नाही.

रविवारी पहाटे जाग आलीच तर पर्वती चढ. मात्र वर पोचलास की देवळाकडे तोंड करून बस. मागच्या बाजूनं तळजाई दिसते, आणि तिकडे जाणारी वाटही आहे.

— तुझी ताई

ता. क. तो चौथा मेसेज पाठवायच्या आधी मला पुन्हा दाखवायची गरज नाही. फ्लॅटमधल्या तिघांनाही नाही.